शेवटच्या फॉर्मासाठी थांबणारा माधव

आमच्या गल्लीत कुणी फार घाईत दिसला की त्याला माधव फणस्याच्या ओट्यावर आणून बसवायची पद्धत आहे. पाच मिनिटांत घाई उतरते. गॅसचा नंबर लावायचा असो, विजेचं बिल भरायचं असो, नाहीतर पोराची शाळा बदलायची असो, माधवचं उत्तर ठरलेलं: "भिया, बसा तर खरं. तारीख वाढणार."

फणसे पवार सरकारांबरोबर धारला आले. माधवचे पणजोबा संस्थानच्या घड्याळांना चावी द्यायचे, असं त्याची आई सांगायची. गल्लीचं म्हणणं असं की घराण्यातली सगळी चावी पणजोबांनीच देऊन संपवली, माधवपर्यंत काही उरली नाही. हे मीच पसरवलं, असं अल्पनावहिनी म्हणतात. वहिनी म्हणजे माधवची बायको. त्या म्हणतात त्यातलं निम्मं खरं असतं, आणि नेमकं हे त्या निम्म्यात येतं.

माधव इथल्याच एका खाजगी कॉलेजात परीक्षा विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, एक कंप्यूटर, एक कपाट आणि माधव. कॉलेज रणवीरजींचं. त्यांचं आणखी एक कॉलेज देवासला आहे आणि ते स्वतः तिथेच बसतात. धारला प्राचार्य मॅडम आहेत, पण सही करायच्या आधी त्या देवासला फोन लावतात. बावीस वर्षं माधव त्या जिन्याखाली आहे. डोक्यावरून पोरं धडधड वर जातात नि तीन वर्षांनी धडधड खाली उतरून निघून जातात, हा त्याचाच विनोद. तो त्याने इतक्यांदा सांगितलाय, की आता तो सुरू झाला की आम्ही शेवट आधी म्हणतो.

विद्यापीठाची सूचना दर वर्षी येते. "समस्त संबद्ध महाविद्यालयों के प्राचार्य" यांच्या नावाने येते आणि वाचतो मात्र माधव. तिच्यात तारखांची उतरंड असते. अमुक दिवसापर्यंत नुसती परीक्षा फी. पुढचे काही दिवस शंभर रुपये विलंब शुल्क. मग पाचशे. मग विशेष विलंब शुल्क हजार. मुलं फॉर्म ऑनलाइन भरतात, तिथेच फी भरतात आणि छापलेली प्रत कॉलेजात आणून देतात. कॉलेजाने ती तपासायची, पोर्टलवर फॉर्म पुढे पाठवायचा आणि सगळ्या प्रती यादीसकट विद्यापीठात नेऊन जमा करायच्या. त्याचीही वेगळी तारीख असते. ती चुकली तर कॉलेजाला दंड, दर फॉर्ममागे, दर दिवसाचा. आणि खाली ठळक अक्षरांत असतं, की हा दंड विद्यार्थ्यांकडून वसूल करता येणार नाही.

माधव ही सूचना वाचतो ती लग्नाची पत्रिका वाचावी तशी. मुहूर्त दिलेला असतो, पण त्या वेळेला जातं कोण? दर वर्षी तारीख वाढते. कधी सर्व्हर बसतो, कधी निवेदनं जातात, कधी निवडणूक येते. नालछा, तिरला, त्यापलीकडच्या पाड्यांतून येणाऱ्या पोरांना माधव शांतपणे सांगायचा, की घाबरू नका, सोयाबीनचे पैसे हातात आले की भरा. आणि पोरांचं खरंच भलं व्हायचं. आपण हसतो ते हसतो, पण हे सांगायला हवं. त्या जिन्याखालच्या खोलीत कुणी पोरावर खेकसल्याचं मी ऐकलं नाही.

त्याची आणखी एक रीत होती. फॉर्म येतील तसे तो पुढे पाठवायचा नाही. सगळे साठवायचा. शेवटचा फॉर्म आला की एका बैठकीत सगळे पोर्टलवर सोडायचा, प्रतींचा एकच गठ्ठा लाल फडक्यात बांधायचा, वर कुंकवाचं बोट लावायचा आणि स्वतः बसने विद्यापीठात घेऊन जायचा. एक कॉलेज, एक यादी, एक गठ्ठा. खिडकीवरच्या बाबूला दोन याद्या दिल्या की तो कुरकुरतो, असं तो म्हणायचा. पण खरं कारण निराळं होतं. गठ्ठा देऊन आला की ओट्यावर पाय पसरून म्हणायचा, "बावीस वर्षांत माझा एक फॉर्म सुटलेला नाही." त्या एका वाक्यासाठी तो थांबायचा. वरात निघाली आणि कुणी मागे राहिलं, असं त्याच्या हातून व्हायचं नव्हतं.

या वर्षी सगळे फॉर्म आले, एक सोडून.

तो शिखाचा. शिखा तिरल्याची, बी.ए. तिसरं वर्ष. तिची आई यमुनाबाई अंगणवाडीत मदतनीस. घरात काकांचा शब्द चालतो, आणि काकांनी तीन वर्षं कबूल केली होती. तीन म्हणजे तीन. पदवी हातात आली तर बी.एड.चा फॉर्म भरू द्यायचा, नाहीतर पीथमपूरला चुलत बहिणीबरोबर पॅकिंगच्या कामावर. हे माधवला माहीत होतं, कारण पहिल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी यमुनाबाईच त्याच्या खिडकीशी उभी राहून हे बोलली होती. आणि माधवला माहीत असलेलं मला माहीत नसेल, असं अजून झालेलं नाही.

शिखाने फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरला होता. तिरल्याच्या ऑनलाइनवाल्याकडे बसून आईच्या खात्यातून फी भरली. पैसे कापले गेले, पावती मात्र निघाली नाही. पडद्यावर "पेंडिंग" आलं ते तसंच राहिलं. ऑनलाइनवाला म्हणाला, पुन्हा भर, आधीचे आपोआप परत येतील. तिने माधवला फोन केला. संध्याकाळची वेळ होती, तो ओट्यावर होता आणि मी समोर पोह्यांची बशी घेऊन.

"अरे नहीं बेटा," माधव म्हणाला, "दोबारा मत भरना. फँस जाएँगे। पैसा वापस आने दे, फिर भर देना। तारीख तो बढ़ेगी।"

फोन ठेवून तो मला म्हणाला, की यमुनाबाईचं अर्ध्या महिन्याचं मानधन आहे ते, दोनदा कशाला गुंतवायचं. मी म्हटलं, बरोबर आहे. तेव्हा ते बरोबरच वाटलं.

पैसे परत येईनात. नुसत्या फीची तारीख गेली, शंभरवाली गेली, पाचशेवालीही गेली. बाकी सगळ्यांचे तपासलेले फॉर्म माधवच्या कपाटात लाल फडक्याखाली. वहिनींनी एकदा विचारलं, की बाकीचे पाठवून का देत नाही. माधव म्हणाला, एकटीसाठी वेगळी यादी करायची म्हणजे ती पोर उघडी पडेल. वहिनी म्हणाल्या, पोर उघडी पडेल की तुमची बावीस वर्षं? त्यावर तो चहा गार झाल्याची तक्रार करायला लागला.

कॉलेजाने फॉर्म जमा करायची शेवटची तारीख आली आणि गेली. माधव अगदी निश्चिंत. आणि पाहा, दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाची नवी सूचना आली: तिथि वृद्धि. माधवने मोबाइल उंच धरून सगळ्या गल्लीला दाखवला. मी म्हटलं, फणसेसाहेब, कुलगुरू तुम्हाला विचारून झोपतात की काय. त्याने पानवाल्याकडून माझ्यासाठी मीठा पान मागवलं. हा दिवस आता आठवला की पान कडू लागतं.

कारण त्याने वाचलं होतं ते फक्त वरचं. वाढवली होती ती मुलांची विशेष विलंब शुल्काची तारीख. खालच्या परिच्छेदात होतं, की महाविद्यालयांनी आलेले फॉर्म जमा करण्याची तारीख आहे तीच राहील आणि उशिराबद्दलचा दंड लागू आहे. हे त्याला प्राचार्य मॅडमनी दोन दिवसांनी सांगितलं. त्यांना देवासहून फोन आला होता. उशीर करणाऱ्या कॉलेजांची यादी निघाली होती आणि त्यात आपलं नाव होतं.

त्या दुपारीच गठ्ठा गेला. कुंकू न लावता. मॅडम समोर उभ्या राहिल्या, माधवने एकेक फॉर्म पोर्टलवर पुढे सोडला, अंतिम यादीवर सही झाली आणि शिपायाबरोबर प्रती रवाना झाल्या. दंडाची रक्कम माधवच्या पगारातून महिन्या-महिन्याला कापायची, असं रणवीरजींनी फोनवरच ठरवलं. विद्यार्थ्यांकडून घ्यायला बंदी होती, कारकुनाकडून घ्यायला कुठे होती? माधव मॅडमना एवढंच म्हणाला, की एक बाकी आहे. मॅडम म्हणाल्या, यादी बंद झाली.

तिसऱ्या दिवशी शिखाचे अडकलेले पैसे परत आले. विद्यापीठ इतकं मजेशीर आहे, की माझ्यासारख्याला काम उरत नाही. मुलांसाठीची तारीख अजून चालू होती, म्हणून माधवने वरचे हजार स्वतःच्या खिशातून घातले आणि फॉर्म भरवून घेतला. या वेळी पावती निघाली. म्हणजे पोरगीचा फॉर्म वेळेत, फी पूर्ण, विलंब शुल्कासकट. फक्त कॉलेजाने तो पुढे पाठवायचा राहिला. पोर्टलवरचं कॉलेजाचं दार मात्र बंद झालेलं, अंतिम यादी गेली होती ना.

माधव विद्यापीठात जाऊन आला. खिडकीवरच्या बाबूने ओळख दाखवली, आणि ओळखीची किंमत म्हणून खरं सांगितलं. दार पुन्हा उघडता येतं. प्राचार्यांचं पत्र लागतं, लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं, की हा फॉर्म महाविद्यालयाकडून राहिला, दंडासह स्वीकारावा. परीक्षा नियंत्रकांकडे तीन-चार असे अर्ज रोज होतात. प्रवेशपत्रं निघायच्या आत आणा, होऊन जाईल.

मॅडमनी माधवने तयार करून आणलेलं पत्र वाचलं, चूक कुठे नाही असं म्हणाल्या आणि सही केली नाही. सरांना विचारा.

म्हणून आम्ही देवासला गेलो. मला टेकडीवर देवीला जायचंच होतं, असं मी सांगितलं. ते खोटं होतं हे माधवला कळलं आणि तो बसमध्ये खिडकीशी मला बसू देऊन स्वतः कडेला बसला. एरवी तो खिडकी सोडत नाही. इंदूरला बस बदलेपर्यंत मी त्याला तीन किस्से सांगितले. त्याने तिन्हींचे शेवट आधी सांगितले नाहीत, तेव्हा चौथा मी ठेवूनच दिला.

रणवीरजी माणूस वाईट नाही. बसवलं, पाणी दिलं, माझं गाव विचारलं. मग म्हणाले, देवासच्या कॉलेजाचे फॉर्म पहिल्याच आठवड्यात गेले होते. माधवने हळूच सांगितलं, की देवासचं विद्यापीठ वेगळं, त्यांच्या तारखा वेगळ्या. ते रणवीरजींनी ऐकलं नाही असं केलं. माधवने पत्र टेबलावर ठेवलं.

"माधव जी," रणवीरजी म्हणाले, "इसमें लिखा है कि फॉर्म कॉलेज से छूटा।"

"छूटा तो कॉलेज से ही है, सर।"

"कॉलेज से नहीं, आपसे। कॉलेज की मान्यता की फाइल इसी महीने उसी दफ़्तर में रखी है। एक बार लिस्ट में नाम आ गया, वो दंड देकर निपट गया। अब मैं दोबारा अपने लेटरहेड पर लिखकर दूँ कि हमसे ग़लती हुई?"

"एक लड़की का साल है, सर।"

"भूतपूर्व छात्र से भर देगी अगले साल। कोई रोक है क्या?"

रोक कुठलीच नव्हती. विद्यापीठाचा नियमच आहे, पुढच्या वर्षी माजी विद्यार्थी म्हणून बसता येतं. काकांचा नियम वेगळा, पण तो काही सूचनेत छापून येत नाही. माधवने तो सांगायचा प्रयत्न केला. तीन वर्षं, पीथमपूर, चुलत बहीण. रणवीरजींनी शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली, खरंच वाईट वाटल्यासारखी हलवली, आणि पत्र माधवच्या बाजूला सरकवलं. दारापर्यंत सोडायला आले. टेकडीवर गर्दी असेल, रिक्षाने जा, म्हणाले. आम्ही टेकडीवर गेलोच नाही.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं आणि नंतर माधवनेही. प्राचार्यांचा शिक्का माधवच्याच खणात असतो. लेटरहेडही. बोनाफाइड म्हणा, हॉल तिकिटाच्या दुरुस्त्या म्हणा, मॅडम मीटिंगला असल्या की "प्राचार्य के लिए" असं लिहून माधव कितीदा सही करत आलाय, आणि विद्यापीठाने कधी विचारलेलं नाही. देवासहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने दार लावलं. पत्र काढलं, शिक्का शाईवर टेकवला आणि उचलला. मग तसाच हातात धरून बसला.

वहिनी म्हणाल्या, त्यांनी त्याला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं होतं, की करा. नोकरी गेली तर जाऊ दे, अवंतीचं कॉलेज संपलंय, आपण दोघं कसंही खाऊ. अवंती त्यांची लेक, देवासलाच एका कंपनीत लागलीय. ती फोनवर बापाला उलटं म्हणाली: बाबा, मना केल्यावर सही करणं हे वेगळं आहे, त्यात पोलिसांची केस होते. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. माधव मध्ये होता.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. त्याने शिक्का रद्दी कागदावर दाबून शाई पुसली आणि खणात ठेवला.

"जमलं नाही, भिया," एवढंच म्हणाला. मी एरवी त्यावर काहीतरी जोडलं असतं.

प्रवेशपत्रं पोर्टलवर आली त्या सकाळी तो माझ्या दाराशी येऊन म्हणाला, तिरल्याला चल, गाडी काढ. मी म्हटलं, फोन कर की. तो म्हणाला, तारीख वाढेल हे फोनवर सांगितलं होतं, हे नाही सांगणार.

शिखा घरीच होती. ओसरीत खाट, खाटेवर पुस्तकं, पुस्तकांवर दुपारचं ऊन. तिने सरांना पाहून डोक्यावर ओढणी घेतली, खाट झटकली आणि आधी पाणी, मग चहा. यमुनाबाई अंगणवाडीतून अजून यायची होती. पोरगीने विचारलं, की सेंटर धारमध्येच आलंय ना, कारण बसचा पास तेवढ्याचाच आहे. माधव कपातल्या चहाकडे पाहत होता. मी अंगणातल्या शेळीकडे पाहायला लागलो. मग त्याने सांगितलं. काही न लपवता सांगितलं: पैसे पुन्हा भरू नको असं मी म्हणालो, बाकीच्यांचे मी रोखून ठेवले, पत्रावर सही मिळाली नाही. शिक्क्याचंही सांगितलं. तेवढं सांगायची खरंच गरज नव्हती.

ती रडली नाही. मला वाटत होतं रडेल, म्हणजे आपल्याला काही समजूत घालता येईल. तिने थोडा वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"काका को किसी ने बताया?" तिने विचारलं.

"किसी ने नहीं।"

"तो मैं ही बता दूँगी।" मग खाटेवरची पुस्तकं गोळा करायला लागली. त्यातली चार वेगळी काढली, वर कॉलेजाच्या लायब्ररीची चिठ्ठी चिकटवलेली. त्यांची कव्हरं तिने वर्तमानपत्राची घातली होती, ती एकेक करून काढली, घडी करून ठेवली. "सर, ये जमा कर देना। मेरा अब उधर आना नहीं होगा। किराया लगता है।"

माधवने पुस्तकं घेतली. परतीच्या वाटेवर तो गाडीवर माझ्या मागे बसला होता आणि पुस्तकं माझ्या पाठीला टोचत होती. मी नीट धर म्हटलं नाही.

शिखा आता पीथमपूरला जाते. सकाळी कंपनीची बस तिरल्याच्या फाट्यावरून घेते, हे ऑनलाइनवाल्याकडून कळलं. माधवच्या पगारातून दंडाचे हप्ते जातात. जिन्याखालची खोली तीच, माधव तोच. फॉर्म मात्र आता आले त्याच दिवशी पुढे जातात. साठवायला कपाट उघडत नाही. ओट्यावर कुणी त्याला बावीस वर्षांचं विचारत नाही, आणि मीही नवा विनोद शोधायच्या भानगडीत पडलेलो नाही.

ती चार पुस्तकं त्याच्या घरी देवघराशेजारच्या फळीवर आहेत. वहिनी रोज त्यांच्यावरची धूळ पुसतात. लायब्ररीचा विलंब शुल्काचा नियम कॉलेजात सगळ्यात कडक, रोजचा चढतो, आणि तो शिखाच्या नावावर चढतोय. परवा मी न राहवून म्हटलं, माधव, परत कर ना ती पुस्तकं, उगाच त्या पोरीच्या नावावर दंड. तो फळीकडे न पाहता म्हणाला, दंड मी भरीन. मी म्हटलं, तो भरशील रे, पण पुस्तकं?

"देऊ ना," तो म्हणाला. "बस तर खरं."

मी बसलो. वहिनींनी चहा आणला आणि आम्ही तो गार होऊ दिला.